पाया किती बसेल?

खाडीकाठची एक जागा डोळ्यांसमोर आणा. वरचा मीटरभर थर सुकलेल्या कडक मातीचा. त्याखाली चार मीटर जाडीची निळसर करडी, बोटाने सहज दबणारी चिकणमाती आणि तिच्याखाली झिजलेला काळा पाषाण. ठाणे खाडीच्या, पनवेल-उरणच्या किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या काठाला बोअर घेतले की असेच काहीसे हाती लागते. अशा जागेवर एकमजली घर बांधायचे आहे. त्याच्या एका कॉलमवर साधारण २० टन भार येणार असून, त्यासाठी २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद फूटिंग चिकणमातीच्या माथ्यावर, जमिनीखाली एक मीटरवर ठेवायचे ठरले आहे. प्रश्न एवढाच आहे की हे फूटिंग किती बसेल.

भारतीय मानक आयएस १९०४ नुसार, चिकणमातीवर सुटी फूटिंग असलेले आरसीसी बांधकाम ७५ मिलिमीटरपर्यंत बसले तर चालते. आपल्या फूटिंगसाठी एकाच मातीवरून आणि एकाच सूत्राने कोणी १९७ मिलिमीटर हे उत्तर काढील, तर कोणी ६१. पहिले उत्तर खरे असेल तर हा पाया रद्द करावा लागेल, दुसरे खरे असेल तर तो चालेल. दोघांनीही बेरीज-गुणाकारात चूक केलेली नाही. एका आलेखाची वळणाची जागा त्यांनी वेगवेगळी धरली, एवढाच फरक. हे वळण कशाचे, ते कुठून येते आणि त्याच्यावर किती विसंबावे, हे या लेखात पाहू. उदाहरणातले आकडे खाडीच्या मातीला साजेसे मुद्दाम घेतले आहेत. ते कोणत्याही एका जागेचे नाहीत.

पाणी निघते, माती बसते

मऊ चिकणमातीत घन कणांपेक्षा पोकळी जास्त असते. आपल्या मातीत कणांचे आकारमान एक धरले तर पोकळीचे १.८ आहे. या गुणोत्तराला अभियंते व्हॉइड रेशो म्हणतात. भूजलाखाली ही सगळी पोकळी पाण्याने भरलेली असते. अशा मातीवर भार आला की पहिल्या क्षणी तो पाणीच पेलते, कारण पाणी दाबले जात नाही आणि त्याला पटकन निघून जायला वाटही नसते. मग हळूहळू पाणी आजूबाजूला सरकू लागते, त्याच्यावरचा जादा दाब उतरतो आणि तेवढा भार कणांच्या सांगाड्यावर येतो. कण जवळ सरकतात, पोकळी कमी होते आणि जमीन खाली जाते. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते आणि चक्क्याचा गोळा लहान होतो, तसेच हे. फक्त इथे फडके म्हणजे वरचा-खालचा पाझरणारा थर आणि रात्रीच्या जागी वर्षे.

पाणी निघून जाण्यामुळे जे बसणे होते त्याला प्रायमरी कन्सॉलिडेशन म्हणतात. भार टाकताक्षणी होणारे थोडे बसणे आणि पाण्याचा दाब उतरल्यानंतरही कणांची रचना बदलत राहिल्याने पुढे वर्षानुवर्षे होणारे संथ बसणे हे हिशेब वेगळे. ते इथे बाजूला ठेवतो. मऊ चिकणमातीत सर्वांत मोठा वाटा सहसा प्रायमरीचाच असतो.

ही प्रक्रिया गणितात बसवली कार्ल टेर्झागी यांनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते इस्तंबूलला शिकवायला गेले आणि तिथल्या रॉबर्ट कॉलेजात साध्या, हाती लागेल त्या सामानातून उभ्या केलेल्या उपकरणांवर त्यांनी चिकणमाती दाबून पाहिली. १९२५ मध्ये त्यांचे ‘एर्डबाउमेकानिक’ हे पुस्तक आले आणि मृदा-यांत्रिकी ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून ओळखली जाऊ लागली. आज प्रयोगशाळेत जे ईडोमीटर दिसते ते त्याच उपकरणांच्या वंशातले.

ईडोमीटरमध्ये काय होते

नमुना अगदी लहान असतो. साधारण ६० मिलिमीटर व्यासाच्या आणि २० मिलिमीटर उंचीच्या धातूच्या कड्यात मातीची चकती बसवतात. वर आणि खाली पाणी झिरपू देणाऱ्या सच्छिद्र चकत्या, भोवती पाणी, वरून तरफेने येणारा भार. कड्यामुळे माती बाजूला फुगू शकत नाही. ती फक्त उभी दबते आणि पाणीही फक्त वर-खाली निघते.

भार टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि दर वेळी तो दुप्पट करतात: १०, २०, ४०, ८०, १६० किलोपास्कल आणि पुढे. दहा किलोपास्कल म्हणजे ढोबळमानाने चौरस मीटरवर एक टन. प्रत्येक टप्प्याला २४ तास देतात आणि त्या काळात पाव मिनिट, एक मिनिट, सव्वादोन, चार अशा वेळांना डायल गेज वाचतात. शेवटी भार पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात, चकती भट्टीत वाळवतात आणि तिच्या कोरड्या वजनावरून प्रत्येक टप्प्याचा व्हॉइड रेशो उलटा काढतात. एका नमुन्याला दहाएक दिवस सहज जातात. आयएस २७२० च्या पंधराव्या भागात ही सगळी रीत दिलेली आहे.

हाती येतो तो एक आलेख. उभ्या अक्षावर व्हॉइड रेशो असतो. आडव्या अक्षावर दाब असतो, पण असा आखलेला की प्रत्येक दुपटीला सारखेच अंतर मिळावे. या आलेखाला दोन भाग दिसतात. सुरुवातीला रेषा जवळजवळ सपाट असते आणि माती फारशी दबत नाही. मग एका दाबाच्या आसपास ती वळते आणि त्यानंतर सरळ, तीव्र उताराने खाली जाते.

हे वळण म्हणजे मातीचा इतिहास. मातीने पूर्वी जो सर्वांत मोठा दाब सोसला असेल, तिथपर्यंत ती ताठ वागते. तो ओलांडला की कणांची रचना नव्याने मोडू लागते. इंग्रजीतल्या लांबलचक नावाऐवजी त्या दाबाला इथे पूर्वदाब म्हणू. पूर्वदाब आजच्या दाबाहून जास्त असण्याची कारणे अनेक असतात. वरची माती धुपून गेली असेल, उन्हाने वरचा थर सुकला असेल किंवा भूजल कधीकाळी खाली गेले असेल. पाणी खाली गेले की मातीला मिळणारा पाण्याचा आधार कमी होतो आणि कणांवरचा दाब वाढतो. दीड मीटर पाणी उतरले तर ही वाढ साधारण १५ किलोपास्कल होते.

आपल्या मातीसाठी सपाट भाग आणि उताराचा भाग यांचा फरक साध्या शब्दांत असा सांगता येईल. उताराच्या भागात दाब दुप्पट झाला की एक मीटर जाडीचा थर सुमारे ७५ मिलिमीटर दबतो. सपाट भागात तीच दुप्पट झाली तर साडेसात. दहापट फरक. म्हणून आपले फूटिंग मातीला वळणाच्या अलीकडे ठेवते की पलीकडे नेते, यावर सगळे अवलंबून आहे.

हिशेब: एक मीटरचे चार थर

आता फूटिंगकडे येऊ. चार मीटर चिकणमातीचे एकेक मीटरचे चार थर करू आणि प्रत्येकाच्या मध्याशी दोन गोष्टी विचारू: आज कणांवर किती दाब आहे आणि फूटिंगमुळे किती वाढेल?

आजचा दाब वरच्या मातीच्या वजनावरून मिळतो. वरच्या कडक मीटरचे वजन १८ किलोपास्कल. भूजल तिथेच लागते, म्हणून त्याखाली पाण्याचा आधार वजा करून चिकणमातीचे वजन दर मीटरला फक्त ६ किलोपास्कल धरायचे. त्यामुळे चार थरांच्या मध्याशी आजचा दाब अनुक्रमे २१, २७, ३३ आणि ३९ येतो.

फूटिंगचा भार खाली जाताना पसरतो. तळाशी २० टन, म्हणजे २०० किलोन्यूटन, चार चौरस मीटरवर ५० किलोपास्कल दाब देतात. हा निव्वळ वाढीव दाब, म्हणजे खणून काढलेल्या मातीचे वजन वजा केलेले आहे. भार दोनास एक या उताराने पसरतो असे मानण्याची ढोबळ रीत आहे. एक मीटर खाली गेले की भार पेलणारा चौकोन प्रत्येक बाजूला एकूण एक मीटरने मोठा होतो. त्यामुळे अर्ध्या मीटरवर वाढ ३२, दीड मीटरवर १६, अडीचवर १० आणि साडेतीनवर जेमतेम साडेसहा किलोपास्कल उरते.

समजा मातीला पूर्वदाबाची काहीच शिल्लक नाही, आजचा दाब हाच तिने सोसलेला सर्वांत मोठा दाब. मग प्रत्येक थर पहिल्यापासून तीव्र उतारावर आहे आणि सूत्र असे:

```
S = H × Cc/(1+e0) × log10[(p0+Δp)/p0]
```

यात `H` ही थराची जाडी आणि `p0` हा आजचा दाब. `Δp` ही वाढ आणि `e0` हा सुरुवातीचा व्हॉइड रेशो. `Cc` म्हणजे कॉम्प्रेशन इंडेक्स, आलेखाच्या तीव्र भागाचा उतार. आपल्या मातीसाठी तो ०.७ धरला आहे, म्हणून ०.७ भागिले २.८, म्हणजे ०.२५. पहिल्या थरात दाब २१ वरून ५३ वर जातो, अडीच पटींहून थोडा जास्त, आणि थर १०० मिलिमीटर बसतो. दुसरा ५१, तिसरा २८ आणि चौथा १७. बेरीज १९७.

थर पाडण्याचे महत्त्व इथेच दिसते. चारही मीटर एकच थर मानून फक्त मध्यावरचा दाब घेतला तर उत्तर १५१ येते, म्हणजे जवळपास पाऊण भाग. फूटिंगच्या लगत खाली आजचा दाब सर्वांत कमी आणि वाढ सर्वांत जास्त असते. अर्धे बसणे त्या पहिल्या मीटरातच होते आणि सरासरी घेताना नेमके तेच हरवते.

आता दुसरा अंदाज घेऊ. भूजल पूर्वी दीड मीटर खाली गेले होते आणि म्हणून प्रत्येक थराचा पूर्वदाब आजच्या दाबाहून १५ किलोपास्कलने जास्त आहे, असे ईडोमीटरच्या आलेखांनी दाखवले. पहिल्या थरात २१ ते ३६ हा प्रवास सपाट रेषेवर होतो आणि त्यात फक्त ६ मिलिमीटर खर्च होतात. पुढचा ३६ ते ५३ हा प्रवास तीव्र उतारावर आणि त्याला ४२ मिलिमीटर. दुसरा थर वळण किंचित ओलांडतो आणि ८ मिलिमीटर बसतो. तिसऱ्या आणि चौथ्या थरात वाढ १५ च्या आतच राहते, म्हणून त्यांचा हिशेब अनुक्रमे ३ आणि २ मिलिमीटरवर संपतो. बेरीज ६१.

पाच किलोपास्कलची किंमत

इथपर्यंत सगळे समाधानकारक वाटते, कारण ६१ हा आकडा ७५ च्या आत आहे. पण वळणाची जागा आलेखावर काटेकोर ठिपक्यासारखी दिसत नाही. ती एका गोलाईत लपलेली असते. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३६ मध्ये ती शोधण्याची जी रीत दिली तीच आजही सर्वाधिक वापरली जाते. रेषा सर्वांत जास्त कुठे वळते तो बिंदू नजरेने ठरवायचा, तिथून एक आडवी रेषा आणि एक स्पर्शरेषा काढायची, त्यांच्यामधला कोन दुभागायचा आणि शेवटच्या सरळ उताराची रेषा मागे वाढवायची. दुभाजक आणि ही रेषा जिथे छेदतात तो पूर्वदाब. सुरुवातच नजरेने होते, म्हणून एकाच आलेखावरून दोन माणसे थोडे वेगळे आकडे वाचू शकतात.

समजा वाचन प्रत्येक थरात फक्त पाच किलोपास्कलने खाली आले. शिल्लक १५ ऐवजी १० मानली गेली. पाच किलोपास्कल म्हणजे चौरस मीटरवर अर्धा टन, अर्ध्या मीटर उंच पाण्याचा दाब. पहिला थर ४८ ऐवजी ६२ मिलिमीटर बसतो, दुसरा ८ ऐवजी २१. एकूण अंदाज ६१ वरून ८८ वर जातो आणि मर्यादा ओलांडतो. भार तोच, फूटिंग तेच, माती तीच.

म्हणून अहवालात केवळ कॉम्प्रेशन इंडेक्स आणि शेवटचा आकडा छापलेला असेल तर तो अपुरा आहे. द्रवमर्यादेवरून कॉम्प्रेशन इंडेक्स काढायचे सोपे सूत्र सर्वांना पाठ असते: द्रवमर्यादेतून दहा वजा करा आणि ०.००९ ने गुणा. आपल्या मातीची द्रवमर्यादा ८५ च्या आसपास असेल तर त्यातून ०.६८ मिळेल, प्रयोगातल्या ०.७ च्या अगदी जवळ. पण वळण कुठे आहे याबद्दल ते सूत्र एक अक्षर सांगत नाही. ते कळण्यासाठीच ईडोमीटर हवे.

नमुना खरा आहे का?

वळण पुसट होण्याचे मोठे कारण प्रयोगशाळेत नसते. ते बोअरमध्ये असते. मऊ चिकणमातीची घडण इतकी नाजूक असते की जाड भिंतीची नळी हातोड्याने ठोकून आत घातली, तर नळीत शिरतानाच माती मळली जाते. मग नळी जीपमधून खडबडीत रस्त्याने शहरात जाते, काही दिवस उन्हात पडते, तोंडावरचे मेण तडकते. या प्रत्येक पायरीवर मातीची जुनी रचना थोडीथोडी मोडते.

अशा मळलेल्या नमुन्याचा आलेख ओळखता येतो. सुरुवातीचा सपाट भाग सपाट राहत नाही, पहिल्या टप्प्यापासूनच खाली झुकतो. वळणाची जागा एका लांब, गोल उतारात विरघळते. पूर्वदाब कमी वाचला जातो आणि तीव्र भागाचा उतारही खऱ्यापेक्षा कमी येतो. या दोन चुका उलट दिशांना ओढतात, त्यामुळे एकूण चूक कोणत्या बाजूला गेली हेही अगोदर सांगता येत नाही.

दर्जा आकड्यात पारखण्याची एक साधी कसोटी नॉर्वेत रुळली. नमुन्यावर पुन्हा जमिनीतला आजचा दाब आला तेव्हा व्हॉइड रेशो किती कमी झाला ते पाहायचे आणि त्याला सुरुवातीच्या व्हॉइड रेशोने भागायचे. पूर्वदाब आजच्या दाबाच्या दुपटीपर्यंत असलेल्या मातीत हे उत्तर ०.०४ च्या आत असेल तर नमुना उत्तम, ०.०७ पर्यंत ठीक, त्यापुढे वाईट आणि ०.१४ च्या पुढे अत्यंत वाईट. आपल्या मातीचा व्हॉइड रेशो १.८ आहे. नमुना २१ किलोपास्कलला पोचेपर्यंत तो १.७४ झाला असेल तर भागाकार ०.०३ आणि आलेखावर विश्वास ठेवता येईल. तो १.६२ झाला असेल तर भागाकार ०.१०. अशा नमुन्यातून वाचलेल्या पूर्वदाबावर घर उभे करू नये, दुसरा नमुना घ्यावा. या कसोटीला वेगळे उपकरण लागत नाही. लागणारे दोन्ही आकडे त्याच प्रयोगाच्या तक्त्यात असतात.

नमुना चांगला हवा असेल तर बोअर घेणाऱ्याशी तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. पातळ भिंतीची नळी ठोकून न घालता एका दमात, सावकाश दाबून आत घालायची. तोंडे लगेच मेणाने बंद करायची. नळ्या उभ्या, सावलीत आणि धक्के न बसता न्यायच्या. आणि नमुना फूटिंगच्या लगत खालच्या पहिल्या मीटरातूनच हवा, कारण बसण्याचा मोठा वाटा तिथला आहे. चार मीटर खोलीचा एकच नमुना तपासून सगळा थर तसाच मानणे ही नेहमी होणारी चूक आहे.

भराव ही शिल्लक खातो

खाडीकाठी आणखी एक गोष्ट हमखास घडते. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून प्लॉटवर मुरमाचा भराव टाकतात. मीटरभर भराव म्हणजे १८ किलोपास्कल. फूटिंगच्या भारासारखा तो खाली जाताना विरळ होत नाही. भराव साऱ्या प्लॉटवर पसरलेला असल्यामुळे चौथ्या मीटरातही जवळजवळ पूर्ण १८ किलोपास्कलच पोचतात.

आपल्या मातीत शिल्लक फक्त १५ होती. भरावाने ती सगळी संपवली आणि वर तीन किलोपास्कलने प्रत्येक थर वळणापलीकडे ढकलला. नुसत्या भरावामुळे जमीन ४७ मिलिमीटर बसते. त्यानंतर तेच फूटिंग चिकणमातीच्या त्याच माथ्यावर, तोच ५० किलोपास्कल निव्वळ दाब देत उभे केले, तर त्याचे बसणे ६१ राहत नाही. ते १३० होते, कारण आता चारही थर तीव्र उतारावर आहेत. माती परीक्षण भराव टाकण्याआधी झाले आणि अहवालात भरावाचा उल्लेख नाही, असे असेल तर त्यातला अंदाज त्या प्लॉटला लागूच पडत नाही. भराव टाकून तो पुरेसा बसेपर्यंत थांबणे आणि मग पाया घेणे हा उपाय निम्माच. त्याने भरावाचे ४७ आधीच होऊन जातात, पण फूटिंगचे १३० तसेच राहतात. ते कमी करायचे तर घराच्या भाराहून जड भराव तात्पुरता चढवावा लागतो, माती त्याखाली बसू द्यावी लागते आणि नंतर तो काढावा लागतो. असे केले की मातीच्या खात्यात नवी शिल्लक जमा होते.

किती वर्षांत?

किती वेळ लागेल हेही त्याच चकतीवरून काढतात. पाण्याला निघायला लागणारा वेळ वाटेच्या लांबीच्या वर्गाने वाढतो. २० मिलिमीटरच्या चकतीत पाणी वर आणि खाली दोन्हीकडे निघते, म्हणून सर्वांत लांब वाट १० मिलिमीटरची. आपल्या चार मीटर थरात वर आणि खाली पाझर असेल तर ती २ मीटर, म्हणजे दोनशे पट. दोनशेचा वर्ग चाळीस हजार. चकतीला नव्वद टक्के बसायला ४० मिनिटे लागली असतील तर जमिनीला १६ लाख मिनिटे, म्हणजे साधारण तीन वर्षे लागतील. निम्मे बसणे मात्र पहिल्या साडेआठ महिन्यांतच होईल.

खालचा पाषाण अभेद्य निघाला आणि पाणी फक्त वरूनच निघू शकले तर वाट दुप्पट होते आणि तीन वर्षांची बारा होतात. उलट चिकणमातीत वाळूचे पातळ पदर असतील तर वेळ बराच कमी होतो. फूटिंग लहान असल्यामुळे पाणी बाजूनेही निसटते आणि ईडोमीटरचा एकदिश हिशेब ते धरत नाही. म्हणून बसण्याच्या आकड्यापेक्षा वेळेचा आकडा नेहमीच जास्त कच्चा असतो. तो महिन्यांत नेमका सांगणाऱ्या अहवालाकडे सावधपणे पाहावे.

बाजूला न फुगण्याची तीच अट बसण्याच्या आकड्यालाही लागू आहे. प्रत्यक्षात फूटिंगखालची माती थोडी बाजूला सरकते आणि पाण्यात उठणारा दाब उभ्या दाबाच्या वाढीपेक्षा कमी असतो. स्केम्प्टन आणि बिएरूम यांनी १९५७ मध्ये यासाठी एक गुणक सुचवला. मऊ, पूर्वदाबाची फारशी शिल्लक नसलेल्या मातीला तो एकच्या जवळ असतो, ताठ मातीला बराच कमी. आपल्या उदाहरणात तो न लावणे हे सुरक्षित बाजूला राहणे आहे.

आकडा हाती आल्यावर

६१ आणि ८८ यांच्यातले कोणते उत्तर खरे, हे ठरवण्यासाठी आणखी नमुने घेता येतील आणि घ्यावेत. पण त्याच पाच किलोपास्कलच्या संशयावर दुसऱ्या बाजूनेही उपाय करता येतो. फूटिंग २ मीटरऐवजी अडीच मीटरचे करा. तळाचा दाब ५० वरून ३२ वर येतो. शिल्लक १५ धरली तर बसणे ३४ मिलिमीटर आणि १० धरली तर ५५. दोन्ही ७५ च्या आत. वाचनात चूक झाली तरी निर्णय बदलत नाही. मातीची भारक्षमता वेगळी तपासावीच लागते, आणि मऊ चिकणमातीत तिलाही या मोठ्या फूटिंगचा फायदाच होतो.

तरीही काम संपत नाही. घराला भेगा पडतात त्या सगळे घर सारखे बसल्याने नव्हे, तर एक कॉलम शेजारच्यापेक्षा जास्त बसल्याने. मानकानुसार दोन कॉलमांमधला फरक त्यांच्या अंतराच्या ०.००१५ पटीत राहायला हवा. चार मीटर अंतरासाठी तो फक्त ६ मिलिमीटर. घराच्या एका कोपऱ्याखाली शिल्लक १५ असेल आणि दुसऱ्याखाली १०, तर मोठे फूटिंग घेऊनही फरक २१ मिलिमीटर येतो, मर्यादेच्या साडेतीन पट. म्हणून अशा जागेवर एका बोअरवरून एकच आकडा देणारा अहवाल स्वीकारू नये. दोन टोकांना दोन बोअर, प्रत्येकातून वरच्या मीटराचा नमुना, प्रत्येकाचा आलेख आणि त्याच्या दर्जाचा भागाकार मागून घ्यावा. दोन्हीकडची शिल्लक वेगळी निघाली, तर सुटी फूटिंगे सोडून ती एकमेकांना बांधणारी राफ्ट घ्यावी. राफ्टने एकूण बसणे टळत नाही. पण तिच्या ताठपणामुळे कोपऱ्यांमधला फरक कमी होतो आणि भिंती ज्यामुळे तडकतात ते कारणच उरत नाही.